डब्याच्या बुडाचा त्रिकोण आणि गरम शेवभाजी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ढाब्यावरून आलेल्या पार्सलच्या डब्याखाली त्रिकोणात ५ आहे. म्हणजे हा डबा पुन्हा पुन्हा वापरायला चालतो ना?

त्रिकोण तसं काही म्हणत नाही. तो एवढंच सांगतो की डबा कुठल्या जातीच्या प्लास्टिकचा आहे. १९८८ मध्ये अमेरिकेतल्या प्लास्टिक उद्योगाच्या संघटनेने हे आकडे ठरवले ते भंगारात आलेला माल जातवार निवडता यावा म्हणून. १ ते ६ म्हणजे सहा ठरावीक जाती आणि ७ म्हणजे उरलेल्या सगळ्या. बाणांचा त्रिकोण पाहून लोक ‘हे पुन्हा वापरण्याजोगं’ असा अर्थ काढू लागले. हा घोटाळा इतका वाढला की २०१३ मध्ये अमेरिकी मानकातून बाण काढून साधा भरीव त्रिकोण घेतला गेला. आपल्याकडे मात्र बाणांचाच त्रिकोण सगळीकडे दिसतो, आणि गैरसमजही तोच आहे.

त्रिकोणात दोन गोष्टी अजिबात नसतात. डबा अन्नासाठी बनवला आहे का, हे त्यात नसतं. रंगाची बादलीही ५ ची असू शकते आणि श्रीखंडाचा डबाही ५ चाच असतो. दुसरं म्हणजे तो किती वेळा वापरायचा हेही त्यात नसतं. जळगावच्या प्लास्टिक चटया ज्या पॉलिप्रॉपिलीनच्या विणलेल्या असतात, तेच हे ५ नंबरचं प्लास्टिक. चटईवर कोणी भाजी वाढत नाही.

मग गरम पदार्थासाठी त्या आकड्याचा उपयोग काय?

उपयोग आहे, आणि मोठा आहे. जात कळली की ते प्लास्टिक कुठल्या तापमानाला मऊ पडतं हे कळतं, आणि गरम भाजीच्या बाबतीत पहिला प्रश्न तोच असतो.

इथे दोन तापमानं वेगळी धरायला हवीत. एक मऊ पडण्याचं, दुसरं वितळण्याचं. डबा वितळायच्या कितीतरी आधी मऊ पडतो. मऊ पडला की त्याचा पृष्ठभाग सैल होतो, तेल आणि मसाल्याचा रंग आत शिरतो, आणि प्लास्टिकमधली बारीकसारीक द्रव्यं बाहेर अन्नात येण्याचा वेग वाढतो. म्हणून ‘डबा वितळला तर नाही ना’ यावर विसंबू नये.

पाण्याची बाटली (१) साधारण ७० अंशांच्या आसपासच ढिली पडते. दह्याचे आणि आइस्क्रीमचे ठिसूळ कप व थर्माकोल (६) ९० अंशांच्या सुमारास दम सोडतात. पातळ पिशव्या (४) ८० ते ९० अंशांना. ५ नंबरचं पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे पीपी, १०० अंशांपर्यंत आकार धरून राहतं आणि साधारण १६० अंशांना वितळतं. रोजच्या स्वस्त डब्यांमध्ये उकळत्या पाण्याची धग सोसणारं हेच एक, म्हणून गरम जेवणाची पार्सलं बहुतेक ५ मध्येच येतात.

त्रिकोण सापडतच नाही. कुठे बघायचा?

डबा पालथा घालून मोबाइलची बॅटरी एका बाजूने, अगदी आडवी धरा. वरून सरळ उजेड पाडला तर उठावाची अक्षरं दिसत नाहीत. आडव्या उजेडात सावली पडते आणि आकडा उठून येतो. तरीही दिसला नाही तर चिमूटभर ज्वारीचं पीठ बुडावर बोटाने चोळून फुंका. पीठ खाचेत अडकतं आणि त्रिकोण पांढरा दिसतो. पारदर्शक डब्यात आकडा आतून वाचला तर उलटा दिसतो, तेव्हा २ आणि ५ मध्ये हमखास गल्लत होते. त्रिकोणाखालची अक्षरं पीपी आहेत का तेही पाहा, म्हणजे शंका राहत नाही.

आणि झाकण वेगळं वाचा. हे बहुतेक जण करत नाहीत. काळा किंवा पांढरा डबा ५ चा आणि वरचं चकचकीत पारदर्शक झाकण १ चं किंवा ६ चं, अशी जोडी बाजारात सर्रास मिळते. भाजीची वाफ थेट झाकणाला लागते आणि तिथे जमलेलं पाणी परत भाजीतच पडतं. डबा ५ चा असून घरी आल्यावर झाकण सुरकुतलेलं किंवा आखडलेलं दिसलं, तर बहुधा झाकण १ चं असतं. असं झाकण दुसऱ्यांदा गरम पदार्थावर लावू नये. त्याजागी स्टीलची ताटली ठेवली तरी काम भागतं.

उकळती शेवभाजी ५ नंबरच्या डब्यात भरली तर नेमकं काय होतं?

एक उदाहरण पुरतं पाहू. भुसावळकडून येताना रस्त्यावरच्या ढाब्यावर अर्धा लिटरच्या दोन पारदर्शक गोल डब्यांत पातळ शेवभाजी घेतली. डबा आणि झाकण दोन्ही ५ चे. रस्सा पातेल्यात रटरट उकळत होता, म्हणजे पाण्याचा भाग १०० अंशांच्या जवळ. वर बोटभर तर्री. तर्री उकळत्या रश्श्यावर तरंगत असेपर्यंत ती रश्श्याइतकीच गरम असते, कारण खालचं पाणी तिला जास्त तापू देत नाही. पळीने डब्यात पडेपर्यंत भाजी नव्वदीत येते.

हा डबा अर्धा मिलिमीटरच्या आसपास जाड असतो. नव्वद अंशांना पीपीचा ताठपणा निम्म्याहूनही कमी होतो, म्हणून डबा हातात धरला की बोटं आत जातात आणि बाजू फुगते. वितळायला अजून सत्तर अंश बाकी असतात, त्यामुळे डबा फुटत नाही. अशा एकवेळच्या पार्सलला हरकत नाही. डबा याच कामासाठी केलेला असतो.

पण झाकण लगेच कडक बसवलं तर आतली वाफ ते उचलते आणि तर्री कडेने गळते. म्हणून ढाबेवाला कधी कधी झाकणाची एक कड उघडी ठेवतो, ते योग्यच. नाही ठेवली तर पुढे उलटं होतं. वाटेत भाजी निवते, वाफेचं पाणी होतं, आत ओढ बसते आणि घरी झाकण खोलगट झालेलं दिसतं.

आता वेळेचा हिशोब. डब्यातून अन्नात काही उतरायला उष्णता, तेल आणि वेळ हे तिघं लागतात. वाटेतल्या वीस मिनिटांत उष्णता आणि तेल दोन्ही असतात, वेळ कमी असतो. घरी आल्याबरोबर भाजी स्टीलच्या भांड्यात काढली की तिसरा गडी बाद झाला. तीच भाजी रात्रभर डब्यात ठेवून सकाळी त्याच डब्यात गरम केली, तर तिघांना पुन्हा एकत्र आणल्यासारखं होतं.

घरची भाजी डब्यात भरून द्यायची असेल तर आधी पसरट भांड्यात काढून दहा-पंधरा मिनिटं अधूनमधून ढवळा. भांड्याबाहेर हात ठेवल्यावर चटका न बसता ऊब लागली की भरा. मात्र निवण्यासाठी म्हणून ती ओट्यावर विसरू नका. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४४-४५ वर असतो. अशा हवेत शिजलेलं अन्न तासाभराच्या आत खाल्लं किंवा फ्रीजमध्ये गेलं पाहिजे. प्लास्टिक वाचवायला जाऊन भाजी आंबवून घेण्यात अर्थ नाही.

भरीत डब्यात घालून वरून फोडणी ओतली तर?

हे करू नका. ५ नंबरच्या डब्यातही नाही. खानदेशातल्या स्वयंपाकात डब्याला सगळ्यांत मोठा धोका इथेच आहे.

मोहरी तडतडते, लसूण-मिरची परतली जाते तेव्हा तेल १७० ते १९० अंशांवर असतं. पीपी १६० ला वितळतं. म्हणजे पळीतली फोडणी ही डब्याच्या वितळबिंदूच्याही वर असते. ती भरताच्या मधोमध पडली तर वांग्यातल्या पाण्यामुळे लगेच थंड होते आणि फक्त चर्र आवाज येतो. पण कडेला ओघळली की डब्याच्या भिंतीला थेट लागते. तिथे भिंत चिंबते, काचेसारखा डबा त्या जागी धुरकट पांढरा होतो, आणि कधी बारीक भोक पडून तेल बाहेर येतं. ठेच्यावर कढत तेल सोडतानाही हेच घडतं, उलट जास्तच, कारण ठेच्यात तेल गार करायला पाणी फारसं नसतं.

भरीत, ठेचा, डाळ, जे काही असेल ते पातेल्यातच फोडणी देऊन, कालवून, निवल्यावर डब्यात भरा. तळलेल्या वस्तूंचंही तसंच. कढईतून काढलेली भजी थेट प्लास्टिकच्या डब्यात टाकली तर जिथे भजं टेकतं तिथे खड्डा पडतो. आधी चाळणीत निथळून गार होऊ द्या.

मायक्रोवेव्हमध्ये गरम केल्यावर डब्यात आतून नारंगी कडं उमटलं. ते घासून जात नाही. ते काय आहे?

बोट फिरवून पाहा. बाकीची भिंत गुळगुळीत असते आणि त्या कड्यावर बोटाला खरखर लागते. नीट उजेडात धरलं तर सुईने टोचल्यासारखे बारीक खळगे दिसतात. कडं नेमकं तिथे असतं जिथे तर्रीची पातळी डब्याला लागलेली होती.

कारण असं : रश्श्यात पाणी असतं तोवर तापमान १०० वर फारसं जात नाही. पण वर तरंगणारी तर्री आणि डब्याला चिकटलेला मसाला यांत पाणी नसल्यासारखंच असतं. मायक्रोवेव्हमध्ये तो पातळ थर शंभरी ओलांडून बराच पुढे जातो. पीपी १२० च्या पुढे चांगलंच मऊ पडतं, आणि तेवढ्याच पट्ट्यात डबा जवळपास वितळायला येतो. मिरचीचा आणि हळदीचा रंग तेलात विरघळणारा असल्यामुळे तो त्या मऊ भिंतीत शिरतो आणि डबा गार झाला की आत अडकून बसतो. साबणाचा हात तिथवर पोहोचत नाही. साखर जास्त असलेला शिराही असाच तापतो.

नुसता रंग उतरला असेल आणि भिंत गुळगुळीत असेल, तर डबा बाद झाला असं नाही. हळदीचा रंग उन्हात उडतो. डबा धुऊन एक दिवस उन्हात ठेवला की फरक दिसतो. पण उन्हात अख्खा उन्हाळा ठेवू नका, कारण उन्हाने पीपी ठिसूळ होतं. खळगे पडले असतील तर मात्र तो डबा गरम पदार्थासाठी संपला. त्या खळग्यांत तेल राहतं, ते खवट होतं, आणि पुढच्या वेळी गरम करताना खळगे वाढतात.

‘मायक्रोवेव्ह सेफ’ लिहिलेलं असलं तरी त्याचा अर्थ डबा मायक्रोवेव्हमध्ये टिकेल एवढाच धरावा. अन्नात काही उतरणारच नाही, अशी ती हमी नसते. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संशोधकांनी २०२० मध्ये पीपीच्या दुधाच्या बाटल्या तपासल्या. पाणी जितकं कढत, तितके प्लास्टिकचे सूक्ष्म कण कितीतरी पटींनी जास्त निघाले. आमचं मत सरळ आहे : गरम करायचं ते काचेच्या किंवा चिनी मातीच्या भांड्यात करावं. लहान मुलांच्या खाण्याबाबत तर यात सूट नाही.

५ चा डबा किती वेळा वापरता येतो?

वेळा मोजून नियम सांगता येत नाही, कारण एकाच आकड्याखाली दोन फार वेगळ्या वस्तू येतात. पार्सलचा पातळ डबा एकदा वापरण्यासाठी केलेला असतो. दुकानातून विकत आणलेला जाड भिंतीचा, घट्ट झाकणाचा डबा वर्षानुवर्षांसाठी केलेला असतो. दोन्हींवर ५ च असतो.

पीपीमध्ये ते हवेने आणि उष्णतेने खराब होऊ नये म्हणून थोडी द्रव्यं मिसळलेली असतात. प्रत्येक तापण्यात, उन्हात आणि धुण्यात ती थोडी थोडी खर्ची पडतात. पातळ डब्यात ती मुळात कमी असतात. ती संपली की प्लास्टिक ठिसूळ होत जातं. ही कथा डब्यावर वाचता येते.

डबा दोन्ही हातांनी हलकेच दाबा. चांगला डबा लवचीकपणे आत जातो आणि परत येतो. कुरकुर आवाज आला, घडीच्या जागी पांढरी रेघ राहिली किंवा कडेला केसासारखी चीर दिसली, तर बाद. मग वासाची चाचणी घ्या. धुतलेल्या डब्यात हाताला सोसवेल त्याहून थोडं गरम पाणी भरा, झाकण लावा, अर्धा तास ठेवा, आणि झाकण उघडताक्षणी वास घ्या. काहीच वास नाही तर ठीक. मसाल्याचा वास आला तर डबा त्याच पदार्थाला, तोही गारच, ठेवा. मेणचट किंवा प्लास्टिकचा उग्र वास आला तर अन्नासाठी वापरणं थांबवा.

धुताना तारेची घासणी लावू नका. एकेक ओरखडा म्हणजे तेल धरणारी एकेक खाच. तेलकट डब्यात आधी चमचाभर बेसन किंवा ज्वारीचं पीठ चोळून तेल टिपून घ्या, मग कोमट पाणी, साबण आणि मऊ स्पंज. थेट कढत पाणी ओतून तेल काढायला गेलं तर रंग आत बसतो.

आमच्या अनुभवी हिशोबाने पार्सलचा पातळ डबा दुसऱ्या फेरीत गरम भाजीला लावूच नये. बिबडे, कळण्याचं पीठ, सोललेला लसूण, भिजवलेली मटकी, फ्रीजमधली कोथिंबीर अशा कोरड्या किंवा गार गोष्टींसाठी तो महिनोन् महिने छान चालतो.

मिनरल वॉटरच्या बाटलीत गरम पाणी किंवा चहा भरला तर?

बाटली १ ची, म्हणजे पीईटीची. गरम पाणी पडताच ती आखडते, मानेजवळ वाकते, बुडाचे फुगवटे आत-बाहेर होतात. बाटली फुगवून ताणलेल्या प्लास्टिकची असते. सत्तरीच्या आसपास तो ताण सुटतो आणि ती आपल्या मूळ आखूड आकाराकडे जाऊ पाहते. पीईटी बनवताना वापरलेल्या अँटिमनी या धातूचा अगदी थोडा अंश त्यात राहतो, आणि ६० अंशांच्या पुढे तो पाण्यात उतरण्याचा वेग स्पष्टपणे वाढतो. प्रवासात चहासाठी थर्मासच घ्या. गार ताक किंवा पाणी एक-दोन दिवस भरायला हरकत नाही, फक्त तोंड अरुंद असल्याने आतून घासता येत नाही, म्हणून ताकाची बाटली फार वेळा फिरवू नका.

उन्हात उभ्या गाडीच्या काचेमागे पडलेली बाटलीही याच हिशोबात धरा. दुपारी गाडीत काचा बंद असताना डॅशबोर्डवर हात ठेववत नाही, इतकं तापलेलं असतं. दिवसभर तिथे राहिलेलं पाणी झाडाला घाला.

दह्याच्या कपात किंवा थर्माकोलच्या वाटीत गरम रस्सा चालतो का?

कपाखाली ६ असेल तर नाही. हे पॉलिस्टायरीन. कप चिमटीत दाबला की कट्कन तुटतो, त्यावरून ओळखू येतं. त्याला उष्णतेइतकंच तेलाचंही वावडं आहे. गरम आणि तेलकट दोन्ही एकत्र आलं की ते ज्यापासून बनतं ते स्टायरीन अन्नात उतरतं आणि कपाला आतून चिरा जातात. पंगतीत थर्माकोलच्या वाटीत कढत वरण-तूप वाढलं की तळ खडबडीत होतो, तो याचमुळे. काही दह्याचे कप ५ चेही येतात, म्हणून आकडा पाहूनच ठरवा.

रस्सा पिशवीत बांधून देतात. पिशवीवर तर आकडाच नसतो.

नसतो, आणि म्हणूनच तिला खात्रीने ओळखायचा मार्ग राहत नाही. मऊ, न वाजणारी पिशवी बहुधा ४ च्या जातीची आणि खरखर वाजणारी २ च्या जातीची. मऊ पिशवी ८०-९० अंशांना ढिली पडते, आणि तिच्यात भरतात नव्वदीतला रस्सा. शिवाय पिशवी अतिशय पातळ असते. रंगीत पिशवी तर मुळीच नको.

यावर उपाय जुनाच आहे. घरून कडीचा स्टीलचा डबा न्यावा. ढाब्यावर आणि खानावळीत कोणी नाही म्हणत नाही, आणि भाजीही पळीभर जास्त येते.

तेलाचा रिकामा कॅन?

पाच लिटरचा पांढरट, मेणचट कॅन बहुतेक २ चा. गार वस्तूंना उत्तम. पण भिंतीत मुरलेलं तेल काढता येत नाही आणि महिन्याभरात खवट वास येतो, म्हणून प्यायचं पाणी भरू नये. कीटकनाशकाचे कॅनही याच आकड्याचे असतात. तो धुऊन घरात आणण्याचा विचारही नको. शेतावर तो रिकामा झाला की भोकं पाडूनच ठेवावा, म्हणजे सालदार किंवा मजूर त्यातून पाणी पिणार नाही.

३ आणि ७ चं काय?

३ म्हणजे पीव्हीसी. शेतातले पाइप याचेच. मऊ पीव्हीसीत लवचीकपणासाठी घातलेलं द्रव्य गरम तेलात सहज उतरतं, तेव्हा गरम अन्नापासून लांबच ठेवा.

७ वर सरळ उत्तर नाही, कारण ती एक जात नव्हे. वीस लिटरचा जुना कडक जार पॉलिकार्बोनेटचा असू शकतो, आणि ते बनवताना वापरलेलं बिस्फेनॉल-ए हे द्रव्य त्यातून गरम पाण्यात उतरतं. मक्यापासून केलेले ‘जैविक’ कपही ७ मध्येच येतात, ते तर साठ अंशांना वाकतात. डब्याखाली ७ आहे आणि शेजारी कसलंही नाव किंवा तापमान लिहिलेलं नाही, तर गरम पदार्थ त्यात घालू नका.

डब्यावर आणखी काय पाहावं?

पेला आणि काटा-चमचा यांचं चित्र असेल तर डबा अन्नासाठी बनवला आहे. अन्नाच्या पीपीसाठी भारतीय मानक आयएस १०९१० आहे, त्याचा उल्लेख दिसला तर चांगलंच. अन्नसुरक्षेचे नियम ठरवणाऱ्या एफएसएसएआयच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे प्लास्टिकमधून अन्नात उतरणाऱ्या एकूण द्रव्यांची मर्यादा किलोमागे ६० मिलिग्रॅम आहे. ती मर्यादा डबा सांगितल्याप्रमाणे वापरला तर लागू. गार पदार्थासाठी केलेल्या श्रीखंडाच्या डब्यात उकळती कढी ओतली तर त्या चाचणीशी आपला संबंध संपला.

त्रिकोणच नसेल तर घरी कसं ओळखायचं?

डब्याच्या काठाचा नखाएवढा तुकडा कापून पाण्यात टाका. साबणाचा एक थेंब घाला, म्हणजे बुडबुडे धरून तो उगाच तरंगणार नाही. तरंगला तर २, ४ किंवा ५. बुडाला तर बहुधा १, ३, ६ किंवा ७. तरंगलेला तुकडा दहा वेळा मागे-पुढे दुमडा. पीपी दुमडीवर पांढरं पडतं पण तुटत नाही. बुडालेल्यांपैकी ६ पहिल्या दुमडीलाच मोडतो. या चाचणीला दोन अपवाद आहेत : थर्माकोल हवेमुळे तरंगतो, आणि स्वस्तात करण्यासाठी खडूची पूड मिसळलेलं अपारदर्शक पीपी बुडू शकतं. बुडालेला डबा ५ चा असला तरी आपल्या कामाचा नाही, असं धरून चाला.

काळ्या डब्याबाबत जास्त सावध राहा. काळ्या रंगात कुठलंही मिश्र भंगार लपतं. त्रिकोण आणि अन्नाची खूण दोन्ही नसलेला काळा डबा गरम भाजीला लावू नका.

बाद झालेला डबा कुठे टाकायचा?

इथे त्रिकोण आपल्या मूळ कामाला येतो. तेल पुसून, एकदा धुऊन, डबा आणि झाकण वेगवेगळे करा, कारण आकडे वेगळे असतील तर भंगारवाल्याला ते वेगळ्याच गोणीत टाकावे लागतात. ५ चा ५ मध्ये गेला तर त्याला भाव मिळतो. तर्रीने माखलेला आणि १ चं झाकण घट्ट बसलेला डबा तो बाजूला फेकतो. लेबलचा कागद आणि चिकटपट्टी पाण्यात भिजवून काढली तर त्याचं निम्मं काम होतं.